निर्देशांक जागेवर, मग चाळीस हजार गेले कुठे?

*"ताई, मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. नॅस्डॅक फार चढलाय, पडणारच, असं वाटून सात महिन्यांपूर्वी अमेरिकी शेअरच्या अ‍ॅपवरून SQQQ मध्ये दोन लाख रुपये टाकले. निर्देशांक मध्ये पडला, परत चढला, पुन्हा पडला, आणि आज मी घेतला तेव्हा होता तिथेच आहे. माझे मात्र एक लाख साठ हजारच उरलेत. फंडवाले मधल्या मध्ये पैसे खातात का? आतेभाऊ म्हणतो, अजून लाखभर टाकून अ‍ॅव्हरेज कर, बाजार पडला की सगळं भरून निघेल. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. तोट्यात विकायचं नाही, हा माझा नियम आहे. काय करू?"*
*– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक*

तुमचे पैसे कोणी खाल्लेले नाहीत. फंडाने जे वचन दिलं होतं ते त्याने रोज पाळलं, आणि ते रोज पाळल्यामुळेच चाळीस हजार गेले. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधी वचन नेमकं काय होतं ते पाहू.

SQQQ चं उद्दिष्ट असं आहे: नॅस्डॅक-१०० निर्देशांक एका दिवसात जितके टक्के हलेल, त्याच्या उलट दिशेला तिप्पट हलायचं. यात 'एका दिवसात' हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच ओलांडून पुढे जातात. संध्याकाळी बाजार बंद झाला की त्या दिवसाचा हिशोब संपला. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तुम्ही कोणत्या भावाला आत आलात, सात महिन्यांपूर्वी निर्देशांक कुठे होता, याच्याशी फंडाला काही देणंघेणं नसतं. 'निर्देशांक तिथेच आहे, म्हणजे माझेही पैसे तिथेच हवेत' हे तुम्ही धरून चाललात. ते सात महिन्यांचं वचन असतं तर खरं ठरलं असतं. असं वचन कोणी दिलेलंच नव्हतं.

पाटी रोज कोरी केल्याने पैसे का झिजतात, हे कांद्यावर करून पाहू. लासलगावात एक व्यापारी आहे असं धरा. त्याच्याकडे स्वतःचे एक लाख आहेत, एक लाख उसने घेतलेत, आणि २,००० रुपये क्विंटलने १०० क्विंटल कांदा भरलाय. म्हणजे स्वतःच्या पैशाच्या दुप्पट माल. आता त्याच्यावर एक विचित्र अट घाला: रोज संध्याकाळी माल स्वतःच्या पैशाच्या बरोबर दुप्पट किमतीचा असला पाहिजे. कमी नको, जास्त नको.

पहिल्या दिवशी भाव १० टक्के चढून २,२०० झाला. माल २ लाख २० हजारांचा झाला. उसने एक लाख वजा करता त्याचे स्वतःचे १ लाख २० हजार. दहा टक्के भाववाढीत वीस टक्के नफा, वचन पूर्ण. पण अटीप्रमाणे आता माल २ लाख ४० हजारांचा हवा. म्हणून तो आणखी २० हजार उसने घेतो आणि चढलेल्या २,२०० च्या भावाने सुमारे ९.०९ क्विंटल कांदा विकत घेतो.

दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा २,०००. (इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: वर जाताना १० टक्के होते, खाली येताना तेच २०० रुपये ९.०९ टक्के होतात.) त्याच्याकडे १०९.०९ क्विंटल आहे, किंमत २ लाख १८ हजार १८२. उसने १ लाख २० हजार वजा केले की उरतात ९८ हजार १८२ रुपये. भाव जिथून निघाला तिथेच परत आला आणि माणूस १,८१८ रुपयांनी खाली. कुठे गेले? हिशोब पैशापैशाने जुळतो: काल २,२०० ने घेतलेले ते ९.०९ क्विंटल आज २,००० चे झाले, क्विंटलमागे २०० गेले, झाले १,८१८. कोणी चोरले नाहीत. आणि गोष्ट इथेच थांबत नाही. आता त्याचे पैसे कमी झालेत, म्हणून अट त्याला पडलेल्या भावाने जवळपास ११ क्विंटल विकायला लावते. भाव चढला की घ्या, पडला की विका. असा व्यवहार स्वखुशीने करणारा व्यापारी तुम्हाला अख्ख्या निफाड तालुक्यात सापडणार नाही, पण दुप्पट-तिप्पटवाल्या फंडाला हेच रोज करावं लागतं.

आता तुमच्या बाजूचा, म्हणजे उलट्या फंडाचा खेळ. दुसरा एक व्यापारी, त्याच्याकडेही एक लाख. त्याने जवळ नसलेला ५० क्विंटल कांदा २,००० ने आधीच विकलाय, पडल्यावर स्वस्तात घेऊन देऊ या हिशोबाने. त्याची अट: विकलेला माल रोज संध्याकाळी स्वतःच्या पैशाइतक्याच किमतीचा हवा. म्हणजे उसनवारीचा पट नाही, साधं एकास एक उलटं. भाव २,२०० झाला. त्याचे दहा हजार गेले, ९० हजार उरले, आणि देणं असलेला कांदा मात्र १ लाख १० हजारांचा झाला. अट पाळायला त्याला २० हजारांचा, म्हणजे तोच ९.०९ क्विंटल, महागात घेऊन देणं कमी करावं लागतं. दुसऱ्या दिवशी भाव २,०००. उरलेल्या ४०.९१ क्विंटलवर क्विंटलमागे २०० मिळतात, ८,१८२ रुपये. शेवटी हातात ९८,१८२. दुप्पटवाल्या व्यापाऱ्याकडे होते तेवढेच, अगदी रुपयाला रुपया.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण बरेच जण समजतात की झीज म्हणजे उसनवारीचा दोष, आणि साधा एकपट उलटा फंड त्यातून सुटतो. सुटत नाही. कोणत्या पटीत किती झीज, याचा एक सोपा नियम आहे: पटीला त्यापेक्षा एकने कमी असलेल्या आकड्याने गुणा. दुपटीला २ गुणिले १, म्हणजे २. तिपटीला ३ गुणिले २, म्हणजे ६. एकपट उलट्याला उणे १ गुणिले उणे २, पुन्हा २. आणि तुमच्या उणे तीनपटीला उणे ३ गुणिले उणे ४, म्हणजे १२. सरळ तिप्पट फंडापेक्षा तुमचा फंड दुप्पट वेगाने झिजतो. वरच्याच दोन दिवसांत SQQQ सारख्या फंडाचे १ लाखाचे आधी ७० हजार आणि मग ८९,०९१ झाले असते. आधी पडून मग चढला असता तरी शेवटचा आकडा हाच.

नॅस्डॅक रोज दहा टक्के हलत नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणून खरा प्रश्न असा की लहान हेलकाव्यांत काय होतं. झीज हेलकाव्याच्या वर्गाने वाढते: हेलकावा दुप्पट, तर झीज चौपट. एका दिवशी १ टक्का वर आणि दुसऱ्या दिवशी परत मूळ जागी, यात उणे तीनपट फंडाचे साधारण ०.१२ टक्के जातात. तेच २ टक्क्यांचं असेल तर ०.४७ टक्के. एकेका फेरीला हे आकडे इतके लहान आहेत की अ‍ॅपच्या पडद्यावर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

तुमचा आकडा मी असाच जुळवून पाहिला. सात महिन्यांत बाजाराचे साधारण १४७ दिवस, म्हणजे वर-खालीच्या ७३ फेऱ्या. रोजचा हेलकावा १.६ टक्के धरला तर एका फेरीत ०.३ टक्के जातात. ७३ वेळा ०.३ टक्के कापत गेलं की दोन लाखांचे एक लाख साठ हजार उरतात. खरा बाजार इतका शिस्तीत वर-खाली करत नाही. फंडाचा खर्च आणि त्याच्या रोख रकमेवर मिळणारं व्याजही यात धरलेलं नाही. आणि तुमच्या रुपयांतल्या आकड्यात डॉलरची चढउतारही मिसळलेली असते, म्हणून फंड तपासायचा तर डॉलरमध्येच तपासा. तरी तुमचं नुकसान समजायला दुसरं कुठलंही गूढ कारण शोधायची गरज पडत नाही.

हे सगळं फंडाने लपवलेलंही नाही. अशा फंडांच्या माहितीपत्रकात एक तक्ता असतो. एका बाजूला निर्देशांकाचा वर्षभराचा बदल, दुसऱ्या बाजूला हेलकाव्याचं प्रमाण, आणि मधल्या चौकटींत फंडाचा अंदाजित परतावा. निर्देशांकाचा बदल शून्य आणि वार्षिक हेलकावा २५ टक्के (रोजचा सुमारे १.६ टक्के म्हणजे तेवढाच) ही चौकट उणे तीनपट फंडासाठी पाहिली तर उणे ३१ टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसतो. सरळ तिप्पट फंडासाठी उणे १७. माझ्या मते हा एक तक्ता पाहिल्याशिवाय असा फंड घेऊच नये. माहितीपत्रकाची बाकीची पानं नाही वाचली तरी एकवेळ चालेल.

अमेरिकेच्या बाजार नियामकांनीही याबद्दल ऑगस्ट २००९ मध्ये गुंतवणूकदारांना इशारा दिला होता. त्यातलं एक उदाहरण पाहा: १ डिसेंबर २००८ ते ३० एप्रिल २००९ या पाच महिन्यांत एक निर्देशांक सुमारे ८ टक्के वाढला. त्याच्या दैनिक तिपटीचा फंड ५३ टक्के पडला, आणि उलट्या तिपटीचा फंड ९० टक्के. वर जाणार म्हणणारा बुडाला आणि खाली जाणार म्हणणारा त्याहून जास्त बुडाला. तो काळ भयंकर हेलकाव्यांचा होता, एवढंच त्यामागचं कारण.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर 'हे फंड रोज ठरावीक रक्कम गिळतात' असा नवा गैरसमज व्हायचा. बाजार एकाच दिशेने सलग चालला तर हीच अट फायद्याची ठरते. निर्देशांक दोन दिवस १०-१० टक्के चढला तर १०० चे १२१ होतात, २१ टक्के. दुपटीचे ४२ व्हायला हवे होते, पण दैनिक दुपटीच्या फंडात १४४ होतात, म्हणजे ४४. दोन दिवस १०-१० टक्के पडला तर निर्देशांक १९ टक्के जातो, पण दुपटीचा फंड ३८ ऐवजी ३६ टक्केच पडतो. चढत्या बाजारात घेत गेल्याचा आणि पडत्यात विकत गेल्याचा इथे उपयोग होतो. म्हणून शेवटी तुम्ही कुठे पोहोचलात यापेक्षा कोणत्या वाटेने गेलात यावर सगळं ठरतं. तुमचा अंदाज होता 'नॅस्डॅक पडेल'. हा फंड ज्या अंदाजावर पैसे देतो तो असा: 'नॅस्डॅक लवकर, आणि फारसा मागे न वळता पडेल'. दुसरा अंदाज बरोबर येणं कितीतरी अवघड आहे.

इथून तुमच्या आतेभावाच्या सल्ल्याकडे येऊ. एक लाख साठ हजारांचे दोन लाख व्हायला २५ टक्के वाढ हवी. समजा नॅस्डॅक सलग आठ दिवस रोज १ टक्का पडला. तो एकूण ७.७ टक्के खाली येईल, तुमचा फंड २६.७ टक्के वाढेल, तुमचे दोन लाख आणि वर थोडे होतील. आतेभाऊ खूश. पण तोच ७.७ टक्क्यांचा उतार सहा महिन्यांत, नेहमीच्या हेलकाव्यांसह आला तर? २५ टक्के वार्षिक हेलकावा धरून गणित केलं की फंडाची वाढ जेमतेम साडेपाच टक्के निघते. एक लाख साठ हजारांचे एक लाख एकोणसत्तर हजार. तुमचा अंदाज खरा ठरूनही! आणि निर्देशांक जागेवरच राहिला तर सहा महिन्यांत आणखी १७ टक्के जातात, नव्याने टाकलेल्या लाखातूनही. चांगल्या कंपनीचा शेअर पडल्यावर आणखी घेण्यामागे निदान एक तर्क असतो: कंपनी कमावत राहील, भाव कधीतरी परत येईल. इथे मागे कमावणारी कंपनी नाही, आणि थांबण्याची किंमत रोज कापली जाते. अ‍ॅव्हरेज करण्याच्या मी इथे पूर्ण विरोधात आहे.

'तोट्यात विकायचं नाही' हा तुमचा नियमही याच कारणाने इथे चालत नाही. तो नियम ज्याने तुम्हाला शिकवला त्याच्या डोक्यात शेअर असणार, किंवा गंगापूर रोडचा प्लॉट. तुमची खरेदीची किंमत या फंडासाठी निरर्थक आहे हे आपण वर पाहिलंच. म्हणून स्वतःला असं विचारा: आज खात्यात एक लाख साठ हजार रोख असते, तर येत्या आठ-दहा दिवसांत नॅस्डॅक जोरात पडेल या खात्रीने मी ते इथे लावले असते का? तुमच्या पत्रात अशी खात्री मला कुठे दिसली नाही. दिसली ती फक्त पैसे परत मिळवायची इच्छा. तसं असेल तर तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते पुढच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात ऐकलेलं बरं. मन होत नसेल तर निदान अर्धे काढा आणि उरलेल्या अर्ध्यासाठी बाहेर पडायची तारीख आजच लिहून ठेवा. भाव नको, तारीख. या फंडात तोटा वेळेमुळे होतो, म्हणून मर्यादाही वेळेचीच हवी.

बाजार महाग झालाय ही भीती मात्र चूक म्हणता येणार नाही. फक्त तिच्यावरचा उपाय साधा आहे. ज्यांच्याकडे नॅस्डॅकचा साधा इंडेक्स फंड आहे आणि पडझडीची धास्ती वाटते, त्यांनी त्यातला काही भाग विकून मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवावा. एका हाताने इंडेक्स फंड धरून दुसऱ्या हाताने उलटा फंड 'विमा' म्हणून वर्षभर बाळगणं म्हणजे हप्ता किती आहे हे न विचारता पॉलिसी घेणं. तो हप्ता त्या तक्त्यात लिहिलेला असतो.

इतर वाचकांपैकी कोणी असेच अ‍ॅप चाळत असेल तर ओळखायची खूण सांगते. आपल्या शेअर बाजारात सामान्य गुंतवणूकदाराला असे फंड साध्या निफ्टी ईटीएफसारखे मिळत नाहीत, त्यामुळे पहिली गाठ अमेरिकी शेअरच्या अ‍ॅपमध्येच पडते, आणि तिथे ते साध्या ईटीएफच्या शेजारीच दिसतात. नावात Daily, 2X, 3X, Ultra, UltraPro, Bull, Bear, Inverse किंवा Short यांपैकी काही दिसलं की थांबा आणि माहितीपत्रक उघडा. दुसरी खूण जुन्या आलेखात दिसते. SQQQ चा दहा वर्षांपूर्वीचा भाव आजच्या हजार पटीपेक्षाही जास्त दिसेल. तेव्हा तो खरोखर तेवढ्याला मिळत नव्हता. भाव फार खाली गेला की फंड अनेक युनिटचं मिळून एक युनिट करतो, याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात, आणि आलेखातले जुने भाव त्या प्रमाणात वाढवून दाखवले जातात. स्वतःच्या खात्यात एखाद्या सकाळी युनिट अचानक कमी दिसली तर घाबरू नका, त्या दिवशी नुकसान झालेलं नसतं. ते आधीच झालेलं असतं.

आणि तिप्पट सरळ फंड घेऊन बसलेल्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये. २०२२ मध्ये नॅस्डॅक-१०० सुमारे ३३ टक्के पडला तेव्हा तिपटीचा TQQQ सुमारे ७९ टक्के पडला. त्या खड्ड्यातून वर यायला पावणेपाच पट व्हावं लागतं.

विकलंत तर एक काम विसरू नका. २४ महिन्यांच्या आत विकल्याने हा अल्पकालीन भांडवली तोटा धरला जाईल. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो त्याच वर्षीच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो. परदेशातली ही गुंतवणूक विवरणपत्रातल्या Schedule FA मध्ये दाखवणं बंधनकारक आहे, तोटा झाला असला तरी. तुमचे सी.ए. फक्त पगाराचं विवरणपत्र भरत असतील तर अ‍ॅपवरचं वार्षिक स्टेटमेंट त्यांच्याकडे आपणहून नेऊन द्या. ते विचारतील याची वाट पाहू नका.